साहेबांची नक्कल करताना: कारभारावरचा विनोद आणि माणसावरची शिवी

नकलेची तालीम चाललेली असते, संहिता बसत आलेली असते, आणि मग कुणीतरी हळूच विचारतं, "हे चालेल ना?" हा प्रश्न नेहमी इतका उशिरा येतो की तोवर उत्तर हशाने देऊन टाकलेलं असतं. जिथे सगळ्यात जोरात हसू आलं ती ओळ कुणीच काढत नाही. आणि अनुभव असा, की अडचणीत आणणारी ओळ बहुधा तीच असते.

म्हणून हा प्रश्न पहिल्या दिवशी, पहिला हातवारा बसवण्याआधी कसा विचारायचा, त्याची माझी पद्धत इथे मांडतो. हा लेख फक्त नकलेपुरता आहे: रंगमंचावर किंवा चित्रफितीत एखाद्या हयात राजकीय नेत्याचा आवाज, चाल आणि बोलणं उचलून केलेलं सोंग. व्यंगचित्र किंवा अग्रलेखाला लागू पडणारं सगळंच नकलेला लागू पडत नाही. व्यंगचित्रकार नेत्याबद्दल बोलतो. नकलाकार नेता होऊन बोलतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

आधी एक कवितेचा खटला

रेषा कुठे पडते हे समजायला 2016 सालच्या जर्मनीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही, कारण तिथे एकाच नेत्यावर, दोन आठवड्यांच्या अंतराने, दोन विडंबनं झाली.

पहिलं गाणं होतं. मार्चच्या मध्यावर जर्मनीतल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांच्यावर गाणं दाखवलं. पत्रकारांना होणारी अटक, वृत्तपत्रांवरचा दबाव, मोर्चातल्या बायकांवर पोलिसांचा हात, कुर्दांशी वागणूक, हे सगळं त्यात होतं आणि सोबत खरी चित्रं होती. तुर्कस्तान सरकार चिडलं, त्यांनी जर्मन राजदूताला बोलावून घेतलं. पण गाण्याला कुणी हात लावू शकलं नाही.

दुसरं विडंबन म्हणजे एक कविता. 31 मार्चला यान बोएमरमान या विनोदकाराने आपल्या कार्यक्रमात ती वाचली. त्याने आधीच सांगितलं की, काय बोलायला परवानगी नाही याचा नमुना म्हणून मी हे वाचतोय. मग आल्या चोवीस ओळी. त्यातल्या बऱ्याचशा लैंगिक शिव्या आणि तुर्की लोकांबद्दलच्या घाणेरड्या ठोकळेबाज कल्पना होत्या. हॅम्बुर्गच्या न्यायालयाने आधी हंगामी आणि मग फेब्रुवारी 2017 मध्ये कायम निकाल दिला: चोवीसपैकी अठरा ओळी पुन्हा म्हणायच्या नाहीत, सहा म्हणता येतील. परवानगी मिळालेल्या सहा ओळी अल्पसंख्याकांवरच्या दडपशाहीसारख्या, कारभाराशी नातं असलेल्या होत्या. गेलेल्या अठरा ओळींचा कारभाराशी काही संबंध नव्हता. वरच्या न्यायालयानेही हा निकाल बदलला नाही.

यातल्या दोन बारकाव्यांकडे नकलाकाराने नीट पाहावं. एक, "हा फक्त नमुना आहे" ही आधीची सूचना त्या अठरा ओळींना वाचवू शकली नाही. दोन, फौजदारी चौकशी मात्र 2016 च्या ऑक्टोबरमध्येच बंद झाली होती, गुन्हा सिद्ध होण्यासारखा नाही म्हणून. म्हणजे तुरुंग टळला तरी ओळ वाचतेच असं नाही. (परदेशी राष्ट्रप्रमुखाच्या अपमानाचं जे जुनं कलम यात वापरलं गेलं, ते जर्मनीने पुढे रद्दच केलं, 1 जानेवारी 2018 पासून ते नाही. एर्दोगान यांच्या तक्रारीची ही फलश्रुती त्यांना अपेक्षित नसावी.)

माझ्या दृष्टीने या खटल्याचा खरा उपयोग असा: न्यायालयाने कविता एकगठ्ठा चांगली किंवा वाईट ठरवली नाही, ओळ न् ओळ वेगळी केली. तुमची संहिताही तशीच तपासायची आहे.

मोजपट्टी: "त्यापुढे नाही"

ओळ न् ओळ तपासायची तर कशाशी लावून? भारतातल्या वाचकाला मोजपट्टी शोधायला लांब जावं लागत नाही. अब्रुनुकसानीचं कलम 1860 च्या दंडसंहितेत होतं, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम 356 झालं, पण त्याचे अपवाद जवळपास जसेच्या तसे राहिले. त्यातला दुसरा अपवाद नकलाकाराने पाठ करून ठेवावा. त्याचा आशय असा: लोकसेवकाच्या सार्वजनिक कामातल्या वर्तनाबद्दल, किंवा त्याच्या चारित्र्याबद्दल, ते चारित्र्य त्या वर्तनातून जेवढं दिसतं तेवढ्यापुरतं आणि त्यापुढे नाही, सद्भावनेने कोणतंही मत व्यक्त करणं ही अब्रुनुकसानी नव्हे. सार्वजनिक प्रश्नाबाबत वागणाऱ्या कोणत्याही माणसासाठी असाच तिसरा अपवाद आहे.

चारित्र्यावर बोलायलाच बंदी आहे असा यावर अनेकांचा समज असतो, तो चुकीचा. नेता बढाईखोर आहे, भित्रा आहे, शब्द फिरवणारा आहे, हे सगळं म्हणता येतं. अट एवढीच, की ती बढाई त्याच्या भाषणात, तो भित्रेपणा त्याच्या निर्णयात, तो शब्द फिरवणं त्याच्या जाहीर विधानांत दिसलं पाहिजे. घरात तो कसा वागतो, झोपेत घोरतो का, त्याची मुलगी कुणाबरोबर फिरते, हे "त्यापुढे" झालं.

"सद्भावनेने" या शब्दालाही कायद्यात वजन आहे. मनात वाईट नव्हतं एवढ्याने तो पुरा होत नाही. योग्य ती काळजी न घेता केलेली गोष्ट सद्भावनेची मानली जात नाही, अशी त्याची व्याख्या आहे. म्हणजे आधार न तपासता टाकलेली ओळ तुम्ही कितीही निर्मळ मनाने टाकली असली तरी तुमच्या बाजूने उभी राहणार नाही.

या बचावाला "रास्त टीका" म्हणतात. मग रास्त टीका म्हणजे सौम्य, दोन्ही बाजू सांगणारी टीका का? मुळीच नाही. मत टोकाचं असलं, एकतर्फी असलं, अतिशयोक्त असलं तरी चालतं. पाहायचं ते इतकंच की विषय सार्वजनिक आहे का, बोललेलं हे मत आहे की घटनेचा आरोप, त्या मताखाली खरी घटना आहे का, आणि कुणी प्रामाणिक माणूस ते मत बाळगू शकेल का. ब्रिटनने तर 2013 च्या कायद्यात जुनं नाव टाकून "प्रामाणिक मत" असंच नाव ठेवलं, कारण "रास्त" या शब्दाने लोकांचा नेमका हाच गैरसमज व्हायचा.

पहिलं काम: कागदावर दोन वाक्यं

नक्कल लिहिण्याआधी मी एका कागदावर दोन वाक्यं लिहायला लावतो. पहिलं वाक्य मताचं, तुमच्या स्वतःच्या आवाजातलं, विनोद न करता. दुसरं वाक्य त्या मताखालच्या घटनेचं, तारखेसकट.

हयात नेत्याचं उदाहरण घेऊन मला कुणाची बाजू घ्यायची नाही, म्हणून एक काल्पनिक मंत्री घेऊ. हे गृहस्थ सार्वजनिक बांधकाम खातं सांभाळतात. एका नदीवरच्या एकाच पुलाची पायाभरणी त्यांनी चार वर्षांत तीनदा केली, तिन्ही वेळी भाषण केलं, आणि पुलाचा एकही खांब उभा नाही. प्रत्येक भाषणात "होणार म्हणजे होणार" हे त्यांचं पालुपद. बोलताना चष्मा कपाळावर सरकवायची लकब. जुन्या अपघातामुळे ते डाव्या पायाने थोडे लंगडतात.

कागदावर लिहायचं: "हे मंत्री काम करण्यापेक्षा काम सुरू करण्याचा समारंभ करतात." आणि खाली: "तीन पायाभरण्या, या या तारखांना, आजच्या तारखेला खांब शून्य." तिन्ही बातम्यांची कात्रणं, भाषणांच्या चित्रफिती, कामाच्या स्थितीबद्दलचं सरकारी उत्तर, हे एका फायलीत. ही फाईल कुणी नोटीस पाठवली तर उपयोगी पडतेच, पण त्याआधी ती लिहिण्यासाठी उपयोगी पडते. ज्यांच्याकडे फाईल नसते तेच लंगडण्यावर उतरतात. बोलायला मुद्दा नसला की शरीर हाताशी असतं.

दुसरं वाक्य लिहिता येत नसेल तर पहिलं वाक्य अजून मत झालेलं नाही, तो फक्त राग आहे.

काय उचलायचं: निवडलेलं आणि वाट्याला आलेलं

नकलेत दोन प्रकारचा माल असतो. काही गोष्टी नेत्याने स्वतः निवडलेल्या असतात: पालुपद, मुद्दाम घेतलेले विराम, विशिष्ट पोशाख, टेबलावर मूठ आपटणं, इंग्रजी वाक्य घुसडणं. काही त्याच्या वाट्याला आलेल्या असतात: तोतरेपणा, दृष्टी, उंची, त्वचेचा रंग, जन्माची जात, आजार.

निवडलेलं सगळं मोकळेपणाने उचला. ते सार्वजनिक वर्तनच आहे. माणूस व्यासपीठावर स्वतःचं एक सोंग करत असतो, तुम्ही त्या सोंगाचं सोंग करता.

वाट्याला आलेल्याबाबत मी सरसकट "नको" म्हणत नाही. आवाजही वाट्याला आलेलाच असतो, आणि आवाजावाचून नक्कल कसली? इथे प्रश्न असा विचारायचा: ही गोष्ट ओळख पटवायला आहे की हसवायला? घोगरा आवाज काढल्याने कोण बोलतंय ते कळतं, आणि मग विनोद दुसरीकडे, मुद्द्यावर होतो. तोतरं बोलून दाखवलं की हसू तोतरेपणालाच येतं. मुद्दा असला तरी ऐकू येत नाही.

2008 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या कार्यक्रमात न्यूयॉर्कचे तेव्हाचे गव्हर्नर डेव्हिड पॅटरसन यांची नक्कल झाली. पॅटरसन यांना जवळपास दिसत नाही. नकलेत ते चाचपडताना, भरकटून कॅमेऱ्यासमोर येताना दाखवले. पॅटरसन यांनी हरकत घेतली, अंध व्यक्तींच्या संघटनेनेही घेतली. त्यांचा मुद्दा माझ्या मते बिनतोड होता: यातून अंध माणूस काम करू शकत नाही असा समज पसरतो. म्हणजे नक्कल एका गव्हर्नरची, पण मार बसला तो ज्यांचा त्या कारभाराशी काही संबंध नाही अशा हजारो लोकांना. शरीरावरच्या विनोदाची ही अडचण नुसती सभ्यतेची नाही. नेम धरलेला असतो एकावर, आणि गोळी लागते भलत्यालाच.

राजकारण्यांनाही हे महागात पडलं आहे. कॅनडात 1993 च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाने विरोधी नेते ज्याँ क्रेतियाँ यांच्या एका बाजूने लुळ्या पडलेल्या चेहऱ्याचे जवळून घेतलेले फोटो जाहिरातीत वापरले. लोक इतके भडकले की जाहिरात मागे घ्यावी लागली. तो पक्ष निवडणूक आधीच हरत होता, शेवटी त्याच्या वाट्याला दोन जागा आल्या. पण त्या जाहिरातीमुळे सहानुभूती कुणाकडे गेली हे सांगायला नको.

तालमीत करायची एक साधी चाचणी आहे. शरीराची लकब पूर्ण काढून तीच संहिता सपाट आवाजात वाचा. विनोदाचा निम्मा जीव तरी शिल्लक राहायला हवा. काहीच उरलं नाही, तर तुमच्याकडे राजकीय विनोद नव्हता, नुसतं वेडावणं होतं.

तोंडी घातलेलं वाक्य

हा सगळ्यात अवघड भाग, आणि नकलेपुरताच असलेला. अग्रलेखात तुम्ही "मंत्री असं म्हणतील" लिहिता. नकलेत मंत्री म्हणतोच.

2008 च्याच सप्टेंबरमध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्येच टीना फे या अभिनेत्रीने अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांची नक्कल केली. त्यातलं "मला माझ्या घरातून रशिया दिसतो" हे वाक्य जगभर पोहोचलं. पेलिन असं कधी बोललेल्या नव्हत्या. एका मुलाखतीत त्यांनी म्हटलं होतं की अलास्कातल्या एका बेटावरून रशिया दिसतो, आणि ते खरं आहे. पण आजही कित्येक लोक ते घराचं वाक्य पेलिन यांचंच समजतात. विनोद म्हणून ती ओळ वैध होती, कारण तिच्याखाली खरं विधान होतं आणि परराष्ट्र धोरणाच्या अनुभवाबद्दलचा दावा होता. पण बनावट वाक्य किती घट्ट चिकटू शकतं याचा हा धडा आहे. गंमत म्हणजे त्याच मालिकेतल्या पुढच्या एका नकलेत फे यांनी पेलिन यांच्या मुलाखतीतलं एक उत्तर जवळपास शब्दशः म्हटलं, आणि हशा कमी झाला नाही.

यावरून मी नेत्याच्या तोंडच्या वाक्यांचे तीन ढीग करतो. पहिला ढीग शब्दशः खऱ्या वाक्यांचा. ती जपून, काटछाट न करता घ्यावीत. मधला "पण" गाळून अर्थ फिरवला तर ते खरं वाक्य राहत नाही. दुसरा ढीग अशक्य वाक्यांचा, जी कुणी शुद्धीत असलेला माणूस खरी मानणार नाही. तिसरा ढीग मधला: नेता बोलला नाही, पण बोलू शकला असता. धोका या मधल्या ढिगात आहे. तिथली प्रत्येक ओळ एकतर पहिल्या ढिगात ढकलायची, म्हणजे खरं वाक्य शोधायचं, नाहीतर दुसऱ्यात, म्हणजे इतकी फुगवायची की ती आपोआप विनोद म्हणून दिसेल.

अशक्यतेला कायद्यातही किंमत मिळाली आहे. एका अमेरिकन मासिकाने 1983 मध्ये जेरी फॉलवेल या राजकीय वजन असलेल्या धर्मोपदेशकाची बनावट, अतिशय अश्लील मुलाखत जाहिरातीच्या विडंबनात छापली. ज्यूरीनेच ठरवलं की ही मुलाखत खरी आहे असं कुणी समजणार नाही. 1988 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मासिकाच्या बाजूने निकाल दिला. पण हे अमेरिकेचं माप आहे. तीच सामग्री हॅम्बुर्गमध्ये टिकली असती असं मला वाटत नाही, आणि भारतात तर त्या निकालाच्या भरवशावर कुणी राहू नये. अशक्यता तुम्हाला "खोटा आरोप केला" या दोषातून सोडवते, "घाणेरडी शिवी दिली" या दोषातून नाही.

आणि आता तुकड्यांचं काय? दहा मिनिटांच्या नकलेतले वीस सेकंद कापून कुणीही पाठवतं. सुरुवातीची सूचना, शीर्षक, विग घातलेला नट, सगळं त्या तुकड्यात असेलच असं नाही. म्हणून तयार चित्रफितीतून कुठलेही वीस सेकंद काढा, आवाज डोळे मिटून ऐका. तो खरा नेता वाटला आणि वाक्य तिसऱ्या ढिगातलं असलं, तर ती जागा पुन्हा लिहा. नक्कल जितकी हुबेहूब, तितकी ही चाचणी कडक.

पुलाच्या संहितेची तपासणी

आता आपल्या बांधकाम मंत्र्यांकडे परत. पहिल्या खर्ड्यात सहा जागा आहेत असं धरू.

पहिली जागा: मंत्री चष्मा कपाळावर सरकवतात, "पूल होणार म्हणजे होणार!" म्हणतात, मग चष्मा शोधू लागतात. लकब निवडलेली, पालुपद खरं. ठेवा. समोरची गोष्ट दिसत नाही हा मुद्दाही त्यात आपसूक येतो.

दुसरी: "सरकारकडे फावडं एकच आहे. तिन्ही पायाभरण्या त्यानेच केल्या. चौथीसाठी धार लावायला दिलंय." कुणी खरं मानणार नाही, तीन हा आकडा फायलीत आहे. ठेवा.

तिसरी: "माझ्या मेव्हण्याचं पोट भरल्याशिवाय खांब कसा उभा राहील?" तालमीत यावर सगळ्यात जास्त हसतात. हे मत नाही. मेव्हण्याला कंत्राट दिलं आणि पैसे खाल्ले, असा घटनेचा आरोप आहे, आणि विनोदाचा सदरा घातल्याने आरोपाचं मत होत नाही. फायलीत कागद असेल तर गोष्ट वेगळी. तरीही भारतातल्या फौजदारी कायद्यात नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. इथे ते कठीण नाही. कागद नसेल तर ओळ गेली. पण मुद्दा जायची गरज नाही. समजा सभागृहात कंत्राटदाराचं नाव विचारल्यावर मंत्र्यांनी "माहिती घेऊन कळवतो" असं उत्तर दिलं आणि कळवलं नाही, हे नोंदीत आहे. मग लिहा: "कंत्राटदाराचं नाव? त्याचीही पायाभरणी झालीय. नाव होणार म्हणजे होणार!" या ओळीत कुणी चोर ठरत नाही, आणि लपवाछपवी मात्र उघडी पडते.

चौथी: लंगडत येऊन, "माझं पाऊल पुलासारखंच, अर्ध्यावर अडतं." मोह होण्यासारखी ओळ आहे, कारण रूपक जुळतं. पण मंत्र्यांचा पाय आणि पूल यांचा कारभाराने काही संबंध नाही, फक्त शब्दाने आहे. काढा. पर्याय म्हणून सुचतं की मंत्री नसलेल्या पुलावर पाऊल टाकायला पाय उचलतात आणि तो हवेतच थांबतो. थांबा, यातही खोच आहे. ज्याचं लंगडणं सगळ्यांना ठाऊक आहे त्याचा पाय हवेत अडकला की प्रेक्षक लंगडण्यालाच हसतील, तुमच्या मनात काहीही असो. म्हणून पाऊल सचिवाला टाकू द्या. मंत्री काठावर उभे राहून त्याला म्हणतात, "चला पुढे, पुढचा खांब पुढच्या अर्थसंकल्पात आहे."

पाचवी: "घरी बायकोसुद्धा माझ्या शब्दावर विश्वास ठेवत नाही." जुना, झिजलेला विनोद. बायको लोकसेवक नाही, तिचं मत कुणाला ठाऊक नाही. कुटुंबातलं माणूस स्वतः राजकारणात असेल तर त्याची नक्कल त्याच्या कामावर, स्वतंत्र करावी. काढा, आणि हळहळू नका.

सहावी: "पूल नसतानाही मतं मिळतात, मग पूल बांधायचा कशाला?" संहितेतली सगळ्यात धारदार ओळ, आणि नेमकी तिसऱ्या ढिगातली. असं मंत्री खाजगीत बोललेही असतील असं कुणालाही वाटेल. कापून पाठवली तर उद्या बातमी होईल. दोन वाटा आहेत. एक, ओळ नेत्याकडून काढून सचिवाला किंवा निवेदकाला द्या: "साहेब, मला तर वाटतं पूल नसताना मतं मिळत असतील, तर..." आता ते उघडपणे भाष्य झालं. दुसरी, ती फुगवा: "पूल पूर्ण झाला तर पायाभरणीला जागा उरणार नाही. म्हणून पुलाच्या हितासाठी आम्ही पूल थांबवलाय!" मला दुसरी जास्त आवडते. मूळ ओळीपेक्षा ती कमी कडवट आहे, पण मंत्र्यांचं तर्कशास्त्रच उघडं करते.

सहातल्या दोन ओळी जशाच्या तशा राहिल्या, तीन बदलल्या, एक गेली. साधारण पहिल्या खर्ड्याचं असंच होतं.

जिथे रास्त टीकेचा बचाव पोहोचत नाही

एक गोष्ट अनेक जाणकारांकडूनही निसटते. वर सांगितलेले अपवाद अब्रुनुकसानीच्या कलमाचे आहेत. ओळ दुसऱ्या कलमात शिरली की ते अपवाद मागेच राहतात. न्याय संहितेत शांतताभंग व्हावा अशा हेतूने मुद्दाम अपमान करणं कलम 352 खाली येतं, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारा शब्द किंवा हावभाव कलम 79 खाली, गटागटांत शत्रुत्व वाढवणं 196 आणि धार्मिक भावना मुद्दाम दुखावणं 299 खाली. नकलेत हावभाव असतो हे ध्यानात घ्या. महिला नेत्याची नक्कल करताना तोंडाने काहीही न बोलता कलम 79 पर्यंत जाता येतं. जातीचा उल्लेख तर याहून कडक कायद्यांपर्यंत नेतो. म्हणून जात, धर्म आणि लिंग यांवर हसू मागणारी ओळ मी मोजपट्टीला लावतच नाही, आधीच बाजूला काढतो.

याचा अर्थ कुणी दुखावलं की गुन्हा झाला, असा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी एका कवितेवरचा गुन्हा रद्द करताना सांगितलं की शब्दांचा परिणाम समंजस, कणखर, धीट माणसांच्या मापाने पाहायचा, प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्या कच्च्या मनाच्या माणसांच्या मापाने नाही. हे माप तुमच्या बाजूचं आहे. फक्त ते निकालात मिळतं, आणि निकाल लागेपर्यंतच्या चकरा तुमच्याच असतात.

तक्रार आलीच तर

तक्रारीत नेमकी कोणती ओळ आहे ते आधी शोधा, आणि तक्रार घटनेवर आक्षेप घेते की मतावर, ते ठरवा. "पायाभरणी तीनदा नाही, दोनदा झाली" हा घटनेवरचा आक्षेप आहे. फाईल उघडा. चूक तुमची असेल तर त्याच दिवशी आकडा दुरुस्त करा, चित्रफितीखाली दुरुस्तीची नोंद टाका, जुना तुकडा तसाच फिरू देऊ नका. चुकीची माहिती कळल्यावरही ती ठेवणं म्हणजे सद्भावना स्वतःच्या हाताने पुसणं.

"मंत्री समारंभी आहेत हे म्हणणं अपमानास्पद आहे" हा मतावरचा आक्षेप. त्याला उत्तर म्हणून कात्रणं पाठवा, माफी नको. घाबरून सगळ्याच संहितेची सरसकट माफी मागितली, तर चांगल्या ओळीही चुकीच्या होत्या असं तुम्हीच लिहून देता. वकिलाची नोटीस असेल तर मात्र उत्तर स्वतः लिहू नका. तिथे विनोद करायचा मोह फार होतो.

आणि मूळ, न कापलेली चित्रफीत तारखेसकट जपून ठेवा. माझ्या एका नकलेवर तक्रार आली ती तेरा सेकंदांच्या तुकड्यावरून, ज्यात आधीचा निवेदक कापलेला होता. पूर्ण चित्रण हाताशी होतं म्हणून दोन पानी उत्तरावर भागलं. त्यानंतर मी निवेदकाची ओळ नकलेच्या आधी ठेवायचं सोडलं. आता तो मधेच, मंत्र्याचं वाक्य तोडून बोलतो. कापणाऱ्याला त्याला वगळून तुकडा काढणं जड जातं, आणि खरं सांगायचं तर प्रयोगही त्याने जास्त रंगतो.